मोठा पाइप टाकूनही लाइन का तुंबते?

नवी ड्रेनेज लाइन टाकून वर्ष होत नाही तोच गल्लीच्या टोकाचं पहिलं चेंबर तुंबतं. मग सगळे म्हणतात, पाइप लहान पडला, सहा इंची काढून आठ इंची टाका. अशा जागी हा उपाय दुखणं वाढवतो.

ड्रेनेजच्या पाइपात मैला पुढे सरकतो तो पाण्याच्या वेगाने. हा वेग सेकंदाला साधारण 0.6 मीटरच्या खाली राहिला की वाळू आणि जड मैला तळाशी बसू लागतो. म्हणून दिवसातून एकदा तरी, सकाळच्या गर्दीच्या वेळी, एवढा वेग मिळाला पाहिजे. तक्त्यात पाहिलं तर सहा इंची म्हणजे 150 मिलिमीटरच्या पाइपाला त्यासाठी सुमारे 206 मीटरला एक मीटर ढाळ पुरतो. पण तो हिशोब भरून वाहणाऱ्या पाइपाचा असतो, आणि गल्लीच्या टोकाचा पाइप कधीच भरून वाहत नाही.

वीस घरांची, शंभर माणसांची गल्ली घ्या. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के सांडपाणी धरलं, तर सकाळच्या तिप्पट गर्दीतही सेकंदाला जेमतेम 0.38 लिटर येतं. पाइपाची क्षमता मात्र साडेदहा लिटरची. तळाशी दोन सेंटिमीटरची धार वाहते आणि तिचा वेग 0.28 मीटर भरतो, म्हणजे हव्या त्याच्या निम्म्याहून कमी.

आता आठ इंची टाकू. मोठ्या पाइपाला तक्ता आणखी सपाट ढाळ चालवून घेतो, सुमारे 300 मीटरला एक. खोदाई वाचते म्हणून ठेकेदारही खूश. पण तेवढंच पाणी रुंद तळावर पसरतं आणि वेग 0.24 वर उतरतो.

वेग वाढतो तो ढाळाने. सहा इंचीलाच 60 मीटरला एक ढाळ दिला तर 0.43 मिळतो. पूर्ण 0.6 हवा असेल तर 25 मीटरला एक लागतो, म्हणजे शंभर मीटरच्या गल्लीत चार मीटर उतार, आणि सपाट गावात तेवढं खोल जाणं परवडत नाही. माझ्या मते टोकाच्या पहिल्या टप्प्यात निदान 60 ला एक तरी सोडू नये. उरलेली कसर संडासाच्या फ्लशची लाट काही अंशी भरून काढते: मैला एका लाटेने पुढे ढकलला जातो, थांबतो, पुढच्या लाटेने परत सरकतो. घरं कमी, वापर तुरळक असेल तिथे या लाटेवरही भिस्त ठेवता येत नाही, आणि टोकाच्या चेंबरमधून ठरावीक दिवसांनी टाकीभर पाणी एकदम सोडावं लागतं.

एवढं करूनही पाइप मध्येच खचला, तर त्या पोटात पाणी साचून राहतं. पाणी वापरात नसताना एका चेंबरमध्ये बॅटरी आणि दुसऱ्यात आरसा धरून पाहावं. नीट बसलेल्या पाइपात प्रकाशाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसतं. वर्तुळ कापल्यासारखं दिसलं, तर तिथे पाइप खचला आहे किंवा गाळ बसला आहे. लाइन साफ करून पुन्हा पाहिल्यावरही ते कापलेलंच राहिलं, तर तेवढा भाग उकरून पाइपाखालचा पाया दाबून घ्यावा लागतो.