यंत्राविना खोदलेला कालवा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यंत्राने भारावलेल्या कलावंतांचे दोन मोठे गट युरोपात पुढे आले: इटलीतले भविष्यवादी आणि रशियातले रचनावादी. इटलीत सुरुवात केली ती फिलिप्पो मारिनेत्ती या कवीने. २० फेब्रुवारी १९०९ रोजी पॅरिसच्या ‘ल फिगारो’ दैनिकाच्या पहिल्या पानावर त्याचा जाहीरनामा झळकला. धावती मोटार प्राचीन ग्रीक मूर्तीहून सुंदर असते, वस्तुसंग्रहालये आणि अकादम्या पाडून टाका, युद्ध म्हणजे जगाची साफसफाई, असे त्यात उघड म्हटले होते. युद्ध आले तेव्हा ही मंडळी आपणहून त्यात उतरली. शिल्पकार बोच्चोनी १९१६ मध्ये लष्करी सरावात घोड्यावरून पडून गेला आणि वास्तुकार सांत’एलिया त्याच वर्षी आघाडीवर मारला गेला. मारिनेत्ती वाचला. १९१९ मध्ये तो मुसोलिनीच्या बाजूला गेला आणि १९२९ मध्ये मुसोलिनीनेच उभ्या केलेल्या अकादमीत सभासद म्हणून बसला.

इथे फारसे कोडे नाही. हिंसा त्यांच्या मागणीतच होती. रशियाची गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते, कारण तिथला हेतू चांगला होता.

अलेक्सांद्र रोदचेंकोने १९२१ मध्ये तीन कॅनव्हास मांडले: एक पूर्ण लाल, एक पिवळा, एक निळा. चित्रकला इथे संपली, असे त्याचे म्हणणे. आता कलावंताने श्रीमंतांच्या भिंती सजवायच्या नाहीत, कामगारांच्या वापरातल्या वस्तू घडवायच्या. १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने कामगारांसाठी वाचनालयाची खोली मांडली, घडीचे फर्निचर आणि तिरकी वाचनमेजे असलेली. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला. गच्चीवरून सरळ खाली, जिन्याच्या पायथ्यापासून वर अशा कोनांतून तो फोटो काढी. रेषा तिरक्या होत, स्थिर इमारतीलाही वेग येई. फोटो कापून, जोडून नवे चित्र करण्याचे तंत्र त्याला आधीच अवगत होते.

पण १९२८ पासून त्याच्यावर टीका सुरू झाली. तो पाश्चात्त्यांची नक्कल करतो, आशय सोडून आकाराशी खेळतो, असा आरोप झाला. त्या काळच्या मॉस्कोत असा आरोप धोक्याचा होता. अशा अवस्थेत त्याच्याकडे पांढऱ्या समुद्राला बाल्टिकशी जोडणाऱ्या कालव्याचे काम आले.

हा २२७ किलोमीटरचा जलमार्ग १९३१ ते १९३३ दरम्यान कैद्यांकडून करवून घेतला गेला. कामावर एका वेळी लाखाहून अधिक कैदी होते, देखरेख गुप्त पोलिसांची. परदेशी यंत्रे विकत घ्यायची नव्हती, म्हणून कुदळ, पहार, लाकडी ढकलगाड्या आणि लाकडी दरवाजे यांवर भागवले. थंडी, भूक आणि श्रमांनी किती मेले? अधिकृत कागदांत आकडा बारा हजारांच्या आसपास आहे, काही इतिहासकार त्याच्या दुप्पट धरतात. एवढे करून कालवा उथळच राहिला. मोठी जहाजे त्यातून जाऊ शकत नव्हती.

रोदचेंकोने तिथे जाऊन फोटो काढले आणि परदेशी वाचकांसाठीही निघणाऱ्या ‘यूएसएसआर इन कन्स्ट्रक्शन’ मासिकाचा १९३३ चा बारावा अंक सजवला. त्यातल्या एका गाजलेल्या फोटोत पुढे वाद्यवृंद वाजतो आहे आणि मागे खोल खड्ड्यात माणसे राबताहेत. वरच्या कोनामुळे ती ठिपक्यांएवढी होतात. चेहरा दिसत नाही, दिसते ती हालचाल आणि तिची लय. गुन्हेगार श्रमाने सुधारतो, अशी अंकाची कथा होती, आणि १९३६ मध्ये रोदचेंकोने स्वतःच्या लेखातही तीच मांडली.

तो भीतीने बोलला की विश्वासाने, हे ठरवणे कठीण आहे, आणि बहुधा दोन्ही खरे असावे. माझा आक्षेप त्याच्या शैलीवर आहे. जिन्यावरच्या माणसाला रेषांचा भाग करणारी नजर खड्ड्यातल्या कैद्यालाही रेषांचाच भाग करते. तिथे तो कोण, त्याला कोणी आणले, तो जेवला का, हे विचारायला चित्रात जागाच उरत नाही. असा अंक पाहताना म्हणूनच कॅमेरा कुठे उभा आहे आणि माणसांच्या हातात नेमके कोणते हत्यार आहे, हे आधी पाहावे. यंत्रयुगाचे गाणे गाणाऱ्या या पानांवर कामकऱ्यांच्या हातात लाकडी ढकलगाड्या आहेत.

हीच रीत गुस्ताव क्लुत्सिसच्या १९३० च्या भित्तिचित्रात आहे: असंख्य तळहात जोडून झालेला एक प्रचंड हात, योजना पूर्ण करायला उंचावलेला. क्लुत्सिस क्रांतीचा सैनिक होता, पक्षाचा निष्ठावान होता आणि त्याने स्टॅलिनची कितीतरी चित्रे केली. जानेवारी १९३८ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात गोळी घालण्यात आली. त्याच्या घरच्यांना मात्र तो १९४४ मध्ये हृदयविकाराने गेला, असे कळवले गेले.