पाटीवरचं नाव बदलताना

लघुपटासाठी एका किराणा दुकानाचा फोटो काढला आहे. पाटीवर ‘श्री गणेश स्टोअर्स’ आहे, पण कथेत दुकानाचं नाव ‘श्री समर्थ स्टोअर्स’ आहे. फोटोशॉपमध्ये एकच शब्द बदलायचा. पण फोटो रस्त्याच्या कडेने, तिरका काढलेला असल्यामुळे पाटीचं उजवं टोक लहान दिसतंय. इथेच बहुतेकांचं काम फसतं.

पाटी पेंटरने हाताने रंगवली असेल, तर तिचा नेमका फॉन्ट सापडणारच नाही. तो शोधत बसण्यापेक्षा पाटीवरचीच अक्षरं वापरावीत. ‘स्टोअर्स’मधल्या शेवटच्या ‘र्स’मधून पूर्ण ‘स’ मिळतो आणि ‘र्थ’साठी लागणारा रफारही मिळतो. उरले ‘म’ आणि ‘थ’. ते पेन टूलने काढावे लागतात. काढताना काना किती जाड आहे, ब्रशचं टोक कुठे गोल सुटलंय, हे शेजारच्या अक्षरांवरून पाहावं.

अक्षरं तिरक्या फोटोवर जुळवू नयेत. आधी फोटोच्या प्रतीवर पर्स्पेक्टिव्ह क्रॉप वापरून पाटीचे चार कोपरे धरले, की ती समोरून पाहिल्यासारखी सरळ होते. तिच्यावर वेगळ्या पारदर्शक लेयरमध्ये नवा शब्द बसवावा. मग फक्त तो शब्द ठेवून, पाटीच्याच आकाराची ही फाइल मूळ फोटोत स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून आणावी आणि डिस्टॉर्टने तिचे चार कोपरे पाटीच्या चार कोपऱ्यांवर ओढावेत. शब्द आपोआप योग्य तेवढा निमुळता होतो. बरोबर बसला का, हे शिरोरेषा सांगते. नव्या शब्दाची रेषा जुन्या शब्दांच्या रेषेत सरळ मिळायला हवी. जराशी जरी वर-खाली झाली, तरी डोळ्याला खटकते.

त्याआधी मूळ फोटोतला ‘गणेश’ क्लोन स्टँपने पुसून घ्यावा. उन्हामुळे पाटीचा वरचा भाग उजळ असतो, म्हणून रंगाचा नमुना त्याच उंचीवरून घ्यावा. अक्षरांचा रंगही शेजारच्या अक्षरातून उचलावा. फोटोतला पांढरा कधी शुद्ध पांढरा नसतो. शेवटी अर्धा-एक पिक्सेल ब्लर आणि फोटोइतकाच नॉइज दिला, की अक्षरांची कोरी धार मोडते.

टी-शर्टचं गणित वेगळं. कापडाला चुण्या असल्याने चार कोपरे पुरत नाहीत. शर्टाची कृष्णधवल प्रत डिस्प्लेस फिल्टरला दिली, की तिच्या उजेड-सावलीनुसार अक्षरं सरकतात आणि चुणीपाशी वाकतात. फिकट कापडावर गडद छपाई असेल, तर लेयर मल्टिप्लायवर ठेवावा, म्हणजे सावल्या अक्षरांतूनही दिसतात. मात्र खोल चुणीत अर्धं अक्षर लपत असेल, तर ते मास्क करून हातानेच झाकावं लागतं.

तपासायला फोटो शंभर टक्के आकारात पाहा, मग आडवा उलटा करून पाहा. वाचता येत नसताना चूक लवकर दिसते. आणि असा बदललेला फोटो लघुपटाबाहेर कुठेही दिलात, तर नाव बदललं आहे हे सोबत जरूर लिहा.