बाईसाहेब, माझी कितीला आहे?

डिसेंबर उजाडला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गॅदरिंगचं आमंत्रण येऊन पडतं. पूर्वी चार घड्यांची पत्रिका दप्तरातून यायची. आता एकापुढे एक सरकवायची पाच चित्रं येतात, ज्यांना कॅरोसेल म्हणतात. चित्रं देखणी असतात, तरी अर्ध्या तासात ग्रुपवर प्रश्न सुरू होतात. मुलांना कितीला सोडायचं? आजोबांना आणलं तर चालेल का? माझी कितीला आहे? हे सगळं चित्रांत लिहिलेलं असतं, फक्त ज्याला हवं त्याला सापडत नाही.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा होतो, कारण एकाच संध्याकाळच्या तीन वेगळ्या वेळा असतात. मुलाला रंगभूषेसाठी आणून सोडायची एक, पालकांना आत घेण्याची दुसरी आणि पडदा उघडण्याची तिसरी. त्या एकाच चित्रात कोंबल्या की वाचणारा सर्वांत ठळक आकडा उचलतो, आणि तो बहुधा पडदा उघडण्याचा असतो. मग साडेचारच्या कार्यक्रमाला मूल सव्वाचारला, तेही शाळेच्या गणवेशात, येऊन उभं राहतं. म्हणून मुलांच्या वेळेचं चित्र वेगळं हवं आणि त्यावर बाकी कुठलीच वेळ नको.

कार्यक्रमाचा क्रम लिहिण्याआधी हिशेब करावा लागतो. समजा पहिली ते चौथीची तीनशे मुलं आहेत आणि बारा नाच. एक नाच चार मिनिटांचा, एक गट उतरून दुसरा चढायला दोन मिनिटं, म्हणजे बारा नाचांची ७२ मिनिटं. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागत यांना १५ आणि अहवाल, बक्षीस वितरण, पाहुण्यांचं भाषण मिळून ३०. (भाषणाचा आकडा बदलणारच, ते सगळ्यांना ठाऊक असतं.) बेरीज ११७ मिनिटं. साडेचारला सुरुवात केली तर कागदावर सहा सत्तावीसला संपतं, पण पालकांना पावणेसात सांगावं.

आता ४.४५ ला पहिलीचा नाच, ४.५१ ला दुसरा असं मिनिटागणिक छापलं, तर दोन गोष्टी होतात. पहिला नाच लांबला की पुढचे अकराही आकडे खोटे पडतात. शिवाय पालक नेमक्या मिनिटाला येतात आणि आपला नाच झाला की उठतात. चौथीच्या मुलांसमोर अर्ध्या रिकाम्या खुर्च्या उरतात. त्याऐवजी गटांच्या वेळा द्याव्यात: पहिली-दुसरी ४.४५ ते ५.३०, बक्षीस वितरण ६ पर्यंत, तिसरी-चौथी ६ ते ६.४५. लहानगी आधी, कारण सहानंतर ती पेंगतात किंवा रडतात. बक्षिसं मध्ये ठेवली की मोठ्या मुलांना कपडे बदलायला अर्धा तास मिळतो. एखादी मुलगी दोन नाचांत असेल, तर मध्ये निदान तीन नाच जाऊ द्यावेत. नऊवारीतून घागऱ्यात शिरणं दोन मिनिटांत होत नाही.

आसनांचं चित्र बहुतेक शाळा 'कृपया सहकार्य करावे' या ओळीवर निभावून नेतात. सभागृह सातशेचं असेल, तर मुलामागे दोन पास धरून सहाशे जागा जातात, पाहुणे आणि शिक्षकांना साठ. उरतात चाळीस. त्या खालच्या मजल्यावर आजी-आजोबांसाठी राखल्या आणि तसं स्पष्ट लिहिलं, तर बाल्कनीच्या जिन्यावर कुणाची दमछाक होत नाही. या चाळिसांचे पासही मागणाऱ्यांना आधी द्यावेत, नाहीतर दाराशी दीडशे आजी-आजोबा उभे राहतील. रुमाल टाकून अख्खी रांग धरण्याची आपली जुनी सवय आहे. 'पासवरच्या रांगेतच बसावे' हे लिहायला संकोच कशाला? पासचा फोटो चालणार नाही, हेही लिहावं, कारण तो पुढे पाठवणं फार सोपं आहे.

फोनवर ही चित्रं कशी पोचतात, तेही पाहायला हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाच चित्रं एकदम पाठवली तर चारच चौकोन दिसतात आणि उरलेलं चौथ्यावरच्या अधिकच्या चिन्हामागे दडतं. त्यामुळे मुलांना आणायची वेळ पाचव्या चित्रात कधीच नको. ती पहिल्या दोनांत हवी. बाबा आजीला पाचांपैकी एखादंच चित्र पुढे पाठवतात, म्हणून प्रत्येकावर तारीख, वार, सभागृहाचं नाव आणि '२/५' असा क्रमांक असावा. वार कॅलेंडर उघडून तपासावा. गेल्या वर्षीचं चित्र उचलून तारीख बदलली की वार हमखास तसाच राहतो. अक्षर १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात २४ पिक्सेलचं ठेवलं, तर फोनवर ते जेमतेम दीड मिलिमीटर उरतं. दुप्पट करावं, मग मजकूर आपोआप कमी होतो.

वेळ बदललीच, तर जुनं चित्र ग्रुपमधून काढून भागत नाही, कारण पुढे गेलेल्या प्रती तशाच फिरत राहतात. नव्या चित्राचा रंगच वेगळा घ्यावा, डोक्यावर 'सुधारित' आणि बदलाची तारीख टाकावी, आणि खाली एका ओळीत काय बदललं ते लिहावं: आधी ३.१५, आता २.४५.