बेल वाजली की बस्करावर

ताटं मांडली की कुत्रं पायात घुटमळतं आणि बेल वाजली की भुंकत दाराकडे धावतं. दटावलं तर क्षणभर थबकतं, मग पुन्हा तेच. काय करू नकोस हे त्याला दहादा सांगितलेलं असतं. त्या वेळी काय करायचं, हे मात्र शिकवलेलं नसतं. आपल्या बस्करावर जाऊन पडून राहणं हे ते काम, आणि ते कुठल्याही वयाच्या कुत्र्याला शिकवता येतं.

बस्कर म्हणजे घडी घातलेली सतरंजी चालते. कुशीवर आडवं होता येईल एवढी ती मोठी हवी आणि फरशीवर सरकू नये. सुरुवातीला ती फक्त शिकवणीपुरती पसरावी, एरवी गुंडाळून ठेवावी. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे शेंगदाण्याएवढे तुकडे जवळ घ्यावेत. सतरंजी पसरायची आणि गप्प उभं राहायचं. त्याने वास घ्यायला एक पाय ठेवला तरी तुकडा सतरंजीवर टाकायचा. पुढचा तुकडा बाहेर फेकायचा, म्हणजे ते आपणहून परत येतं.

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती खाऊ कुठे द्यायचा ही गोष्ट. हातातून भरवलात तर कुत्रं हाताकडे डोळे लावून ताठ बसतं. पुढच्या दोन पायांच्या मध्ये, सतरंजीवरच ठेवलात तर मान खाली जाते, मागोमाग कोपरं टेकतात आणि अंग पसरतं. माणसाकडे बघून काही मिळत नाही, मिळतं ते सतरंजीवर, हे त्याला कळतं. बोलायचंही हळू, ‘शाब्बास!’ म्हणून ओरडलात की ते उठलंच. उठायची परवानगी एका ठरलेल्या शब्दाने द्यावी. ‘सुट्टी’ चालेल, पण घरातल्या सगळ्यांनी तोच वापरावा.

जेवणाचा सराव रिकाम्या ताटापासून सुरू करावा. एकाने ताट घेऊन बसायचं, दुसऱ्याने दर तीन-चार सेकंदांनी सतरंजीवर तुकडा ठेवायचा. मग अंतर वाढवायचं, पण सरळ चढत्या क्रमाने नको: पाच, दहा, पुन्हा चार, मग पंधरा. कुत्रं उठलं तर खाऊ थांबतो, रागावणं नाही. लागोपाठ दोनदा उठलं, तर घाई आपली झाली असं समजून मागच्या पायरीवर यावं. आणि आजीच्या ताटातला चपातीचा तुकडा पूर्ण बंद. चार दिवसांतून एकदा मिळणारा तुकडाच कुत्र्याला सर्वांत चिवट आशा लावतो.

बेलचा सराव वेगळा. आधी बेल, मग ‘जागेवर’ हा शब्द, मग सतरंजीवर खाऊ; हा क्रम उलटला तर बेल ऐकून कुठे जायचं ते कळत नाही. फोनवर बेलचा आवाज रेकॉर्ड करून हळू वाजवावा, नंतर घरातल्याच कुणी बाहेर जाऊन खरी बेल दाबावी. ते जमलं की ओळखीच्या शेजाऱ्याला सांगून बोलवावं. आत आल्यावर त्याने कुत्र्याकडे बघू नये, वाकून थोपटू नये.

आमच्या शेजारच्या घरातली भुरी, देशी कुत्री, इथपर्यंत भराभर शिकली. बेल वाजताच ती सतरंजीवर जायची. पण पडायची कशी? मागचे दोन्ही पाय पोटाखाली, उठायच्या तयारीत. थंडीच्या दिवसांतही धापा टाकत. आणि एरवी अलगद तुकडा घेणारी भुरी तो कचकन ओढून घ्यायची. ती तिथे होती, पण निवांत नव्हती. सतरंजी दारासमोर होती आणि आलेला प्रत्येक जण तिच्या अंगावरूनच आत जायचा. सतरंजी दिवाणापलीकडच्या कोपऱ्यात नेली. तिथून दार दिसतं, पण कुणी जवळून जात नाही. मग हळूहळू तिचं एक कुल्लं बाजूला कलंडायला लागलं, हनुवटी पंजांवर टेकायला लागली. श्वास संथ झाला की तुकडा ठेवायचा, असं त्यांनी ठरवलं. नुसत्या बसण्यापेक्षा हे सैल पडणंच खाऊला पात्र.

अनोळखी माणसावर गुरगुरणाऱ्या, चावू पाहणाऱ्या कुत्र्याला मात्र पाहुण्यांसमोर सतरंजीवर बसवून ठेवू नये. त्याला दुसरी खोली द्यावी आणि आधी पशुवैद्याला दाखवावं, कारण दुखण्यामुळेही कुत्री चिडतात. सतरंजीवर पडलेल्या कुत्र्याच्या जवळ लहान मुलांना जाऊ देऊ नये. गणपतीत दिवसभर माणसांची ये-जा असते, तिथे शिकलेल्या कुत्र्याचीही सहनशक्ती संपते. त्या दिवसांत तीच सतरंजी आतल्या खोलीत टाकावी, रबरी खेळण्यात साधा दहीभात भरून, गोठवून द्यावा आणि दार लावून घ्यावं. मनुका घातलेला शिरा किंवा कांद्याची भजी कुणी लाडाने देणार नाही, एवढं मात्र पाहावं. मनुका आणि कांदा दोन्ही कुत्र्यांना विषारी असतात.