चाक कुठून आलं?

परभणी आणि सेलू यांच्या दरम्यान मानवत रोड हे स्टेशन लागतं. मानवत हे कापसाचं गाव रुळांपासून जरा आडबाजूला आहे, म्हणून स्टेशनच्या नावात ‘रोड’ आलं. सेलूकडे निघालेली मालगाडी इथून सुटली की स्टेशनमास्तरपुढे एकच प्रश्न उरतो: पुढच्या स्टेशनपर्यंतच्या ब्लॉकमध्ये जेवढी गाडी शिरली, तेवढी सगळी बाहेर पडली का? कपलिंग तुटून दोन डबे मध्येच राहिले असतील आणि मागून दुसरी गाडी सोडली, तर अपघात अटळ असतो. याची खात्री पटवणारी जुनी रीत म्हणजे शेवटच्या डब्यावरची ‘एल.व्ही.’ पाटी किंवा तांबडा दिवा डोळ्यांनी पाहणं. भारतीय रेल्वेवर आता बऱ्याच ठिकाणी हे काम ॲक्सल काउंटर करतो. ब्लॉकच्या एका टोकाला शिरणारे आस मोजायचे, दुसऱ्या टोकाला बाहेर पडणारे वजा करायचे, आणि उत्तर शून्य आलं तरच ब्लॉक मोकळा समजायचा. बॉक्सएन वाघिणींची ५८ डब्यांची रेक घेतली, तर डब्यांचेच २३२ आस होतात आणि इंजिनाचे आणखी सहा. त्यात एकाचीही चूक चालत नाही.

मोजणी सोपी वाटते, पण गाडी नेहमी एकाच दिशेने जात नाही. शंटिंगमध्ये इंजिन सेन्सरवर येतं, थांबतं आणि मागे फिरतं. म्हणून प्रत्येक मोजणीच्या जागी रुळाला एक नाही तर दोन सेन्सर थोड्या अंतराने लावलेले असतात. चाक आधी कोणत्या सेन्सरवर आलं यावरून दिशा ठरते. आजच्या डिजिटल ॲक्सल काउंटरमध्ये हा विचार मायक्रोप्रोसेसर करतो. तरी त्याच्या मुळाशी असलेलं यंत्र तीन फ्लिप-फ्लॉपमध्ये मावतं, आणि सीक्वेन्स डिटेक्टर शिकण्यासाठी पुस्तकातल्या ‘१०११ ओळखा’पेक्षा ते फार चांगलं उदाहरण आहे.

परभणीकडच्या सेन्सरला ए म्हणू आणि सेलूकडच्याला बी. चाक वर असेल तर १, नसेल तर ०. सेलूकडे जाणारं चाक दोन्ही सेन्सरवरून जाताना ००, १०, ११, ०१ आणि पुन्हा ०० असा क्रम उमटतो. ओळखायचा क्रम हाच. पुस्तकी डिटेक्टरमध्ये घड्याळाच्या प्रत्येक टिकटिकीला नवा बिट येतो. इथे तसं नाही. मुंगीच्या चालीने चाललेली मालगाडी १० या स्थितीत पाच सेकंदही काढेल. म्हणून स्टेट डायग्राममध्ये प्रत्येक वर्तुळाला स्वतःकडेच परत येणारा बाण हवा: सेन्सर बदलले नाहीत, तर अवस्थाही बदलायची नाही.

पहिला आराखडा बहुतेक जण चार अवस्थांचा काढतात: मोकळं, ‘१० पाहिलं’, ‘११ पाहिलं’, ‘०१ पाहिलं’. शेवटच्या अवस्थेतून ०० आलं की एक मोजायचा, आणि चाक मागे सरकलं तर अवस्थाही एक पाऊल मागे घ्यायची. कागदावर हे बिनचूक दिसतं. सेलूकडून आलेलं चाक ०१, ११, १०, ०० असं जातं. पहिल्या दोन पावलांना यंत्र मोकळंच राहतं, तिसऱ्याला ‘१० पाहिलं’मध्ये जातं आणि चौथ्याला परत मोकळं होतं. चुकीची मोजणी झाली नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो.

आता तेच चाक सेलूकडून १० पर्यंत आलं आणि तिथूनच उलट फिरलं असं समजा. क्रम होतो ०१, ११, १०, ११, ०१, ००. चाक आलं तिकडेच परत गेलं, म्हणजे मोजणी शून्य हवी. पण यंत्राला सगळ्या इतिहासातलं १० पासून पुढचंच दिसलं. १०, ११, ०१, ०० हा क्रम पुरा झाला आणि एक आस मोजला गेला. हा दोष ना गेटचा, ना वायरिंगचा. स्टेट डायग्रामच अपुरा आहे. चाक कोणत्या बाजूने शिरलं, ही गोष्ट कुठेतरी लक्षात ठेवावीच लागते. तेव्हा ए कडून शिरलेल्या चाकाच्या तीन अवस्था, बी कडून शिरलेल्याच्या तीन आणि एक मोकळी, अशा सात अवस्था झाल्या. सातांना तीन फ्लिप-फ्लॉप पुरतात.

खरी गंमत इथून पुढे आहे. सात अवस्थांना तीन बिटांचे आठ संकेत वाटायचे, यालाच स्टेट असाइनमेंट म्हणतात. असं वाटप ४०,३२० प्रकारे करता येतं. फ्लिप-फ्लॉपची नुसती अदलाबदल किंवा ० आणि १ ची उलटापालट सोडून दिली, तरी ८४० खरोखर वेगळे प्रकार उरतात. कोणत्याही प्रकाराने यंत्र बरोबरच चालतं. फरक पडतो तो गेटांच्या जंगलात. परीक्षेच्या सवयीने आपण ओळीने ०००, ००१, ०१० असे क्रमांक देत जातो. मग प्रत्येक फ्लिप-फ्लॉपच्या इनपुटसाठी तीन बिट अवस्थेचे आणि दोन सेन्सरचे, असा ३२ ओळींचा तक्ता भरावा लागतो. सगळ्यात उजव्या बिटात १ कधी हवा ते पाहिलं, तर उत्तर तीन असंबद्ध तुकड्यांत विखुरलेलं मिळतं. शिवाय १११ हा संकेत अनाथ राहतो. विजेच्या खडखडाटाने यंत्र तिथे जाऊन पडलं तर पुढे काय होईल, हे आपण तक्त्यात सोयीसाठी मारलेल्या फुल्यांवर अवलंबून असतं, आणि त्या फुल्या कुणी पुन्हा तपासत नाही.

त्यापेक्षा अवस्थांकडे नीट पाहावं. ‘ए कडून शिरलं, आता ११’ आणि ‘बी कडून शिरलं, आता ११’ यांच्यात फरक फक्त बाजूचा आहे. मग दोन फ्लिप-फ्लॉपना सेन्सरचीच नक्कल ठेवू द्यावी आणि तिसऱ्याला फक्त बाजू. ए कडून शिरलेल्या अवस्था ०१०, ०११, ००१ होतात. बी कडून शिरलेल्या १०१, १११, ११०. पहिला बिट बाजूचा, उरलेले दोन सेन्सरचे. मोकळी अवस्था ०००, आणि उरलेला १०० हासुद्धा मोकळाच समजायचा. असं वाटप केलं की ३२ ओळींचा तक्ता इतक्यात आटोपतो:

```
D1 = A
D0 = B
D2 = Q1'·Q0'·B + (Q1 + Q0)·Q2
UP = Q2'·Q1'·Q0·A'·B'
DOWN = Q2·Q1·Q0'·A'·B'
```

पहिल्या दोन ओळींत एकही गेट नाही. तिसरी ओळ साध्या भाषेत एवढंच म्हणते: सेन्सर मोकळे असताना नवं चाक आलं, तर बी वर आलं का ते टिपून ठेव, चाक वर असेपर्यंत टिपलेलं बदलू नकोस. उरलेल्या दोन ओळी मोजणीच्या. ए कडून शिरलेलं चाक बी वरून बाहेर पडलं तर अधिक एक, उलट झालं तर वजा एक. ७४७४ या चिपमध्ये दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात आणि प्रत्येकाचं उलट आउटपुटही पिनवर मिळतं, म्हणून दोन चिप आणि मूठभर गेटांत काम भागतं.

मघाचं फसवं चाक आता चालवून पाहू. ०१ आलं तेव्हा सेन्सर मोकळे होते, म्हणून बाजूचा बिट १ झाला: १०१. मग १११, ११०, परत १११, १०१, आणि शेवटी ००. खाली मोजायचं तर शेवटची अवस्था ११० हवी होती, वर मोजायचं तर ००१. दोन्ही नाहीत, म्हणून काउंटर जागचा हलत नाही. यंत्र १०० वर येतं आणि पुढच्या टिकटिकीला आपोआप ००० होतं. पुढे खरोखर आरपार जाणारं चाक ए कडून आलं, की त्याची मोजणी बिनबोभाट होते.

प्रयोगशाळेच्या टेबलावर सेन्सरच्या जागी दोन साधे स्विच लावले तरी हे यंत्र चालतं, हे मला विशेष आवडतं. स्विच दाबताना त्याचा संपर्क काही मिलीसेकंद थरथरतो आणि साधा काउंटर त्या थरथरीत एकाचे पाच करतो. इथे थरथर म्हणजे शेजारच्या दोन अवस्थांत नुसती ये-जा. अगदी शेवटच्या टप्प्यावर ०१, ००, ०१, ०० असं झालं, तरी पहिल्या ०० ला एक मोजला जातो. त्यानंतरचं ०१ हे बी कडून नुसतंच डोकावलेलं चाक ठरतं आणि मोजणीबाहेर राहतं.

सेन्सरची चाल मात्र फ्लिप-फ्लॉपच्या घड्याळाशी बांधलेली नसते, आणि बोर्डवर गोंधळ होतो तो बहुधा यामुळेच. ए नेमका घड्याळाच्या कडेवर बदलला, तर एका गेटला तो जुना दिसतो आणि दुसऱ्याला नवा. आणि चूक हजारांत एकदा कधीतरी उगवते. म्हणून प्रत्येक सेन्सरची तार आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून एकामागोमाग घ्यावी आणि मगच वरच्या समीकरणांना द्यावी. मग मोजणीचा इशाराही बरोबर एका टिकटिकीपुरताच येतो. घड्याळाचा वेग ठरवायला साधा गुणाकार पुरतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. एखादी स्थिती १० सेंटीमीटर टिकते असं धरलं, तर ती साडेतीन मिलीसेकंद राहील. १० किलोहर्ट्झच्या घड्याळाने तिच्यावर तीसहून जास्त नजरा पडतात. घड्याळ फार मंद ठेवलं तर मधली स्थिती निसटते आणि दोन्ही सेन्सर एकदम बदलल्यासारखे दिसतात. खरं चाक तसं कधीच करत नाही, त्यामुळे दोन्ही बिट एकाच वेळी बदलले की दोषाचा दिवा लावणारे तीन गेट जोडणं फायद्याचं:

```
ERR = (Q1 ⊕ A)·(Q0 ⊕ B)
```

एका प्रसंगापुढे मात्र या यंत्राचा इलाज चालत नाही. वीज गेली आणि परत आली तेव्हा चाक नेमकं दोन्ही सेन्सरवर उभं असेल, तर फ्लिप-फ्लॉप ००० पासून सुरू होतात आणि पहिलीच स्थिती ११ दिसते. दोषाचा दिवा लागतो, पण समीकरण बाजूच्या बिटात १ भरून टाकतं, म्हणजे चाक बी कडून आल्याचं धरून चालतं. ते ए कडून आलेलं असू शकतं. काउंटरमधला आकडाही विजेबरोबर पुसलेला असतो. हे कोणत्याही असाइनमेंटने सुटत नाही, कारण जी माहिती आत उरलीच नाही ती संकेतात कुठून येणार? म्हणून रेल्वेचा ॲक्सल काउंटर वीज परत आल्यावर ब्लॉक मोकळा दाखवत नाही. तो ब्लॉक व्यापलेलाच धरतो, आणि आत गाडी नाही याची नियमाप्रमाणे खातरजमा करून माणसाने रीसेट दिल्याशिवाय शून्यावर येत नाही.