तिकिटावरचं नाव आणि पासपोर्ट

पासपोर्टवर DEEPALI आणि दुबईच्या तिकिटावर DIPALI असेल, तर चेक-इनलाच अडवलं जाऊ शकतं. म्हणून तिकीट हाती येताच ते पासपोर्टशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. KULKARNI/DEEPALIMRS असं दिसलं तर घाबरू नका. शेवटचं MRS हे संबोधन आहे, चूक नव्हे.

तिकीट थेट विमान कंपनीच्या संकेतस्थळावर काढलं असेल आणि चूक २४ तासांच्या आत कळवली, तर भारतातल्या नियमांनुसार त्याच व्यक्तीच्या नावातल्या दुरुस्तीला जादा पैसे लागत नाहीत. पीएनआर आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत मात्र तयार ठेवा.

एजंटकडून घेतलेल्या तिकिटाची दुरुस्ती बहुधा त्याच्यामार्फतच होते आणि तो आपलं शुल्क वेगळं लावू शकतो. लग्नानंतर बदललेलं आडनाव ही कंपनीच्या लेखी किरकोळ चूक नसते. त्यासाठी पुरावा मागतात, कधी तिकीटच नव्यानं काढावं लागतं. मग रद्द करण्याचं शुल्क आणि त्या दिवशीच्या भाड्यातला फरक, दोन्ही भरावे लागतात.

प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील, तर दुसरीकडेही दुरुस्त नाव पोहोचल्याची खात्री करा.