बोगद्यात हरवलेलं टोकन

लॉगिन केल्यावर ॲपला दोन टोकनं मिळतात. ॲक्सेस टोकन समजा १५ मिनिटांचं, आणि ते संपलं की नवं आणून देणारं रिफ्रेश टोकन. रोटेशनमध्ये रिफ्रेश टोकनही प्रत्येक वापरानंतर बदलतं.

समजा चोराने ‘र१’ पळवलं आणि ९ वाजता वापरून ‘र२’ मिळवलं. ९:१० ला तुमचा फोन तेच ‘र१’ पाठवतो. एकच टोकन दुसऱ्यांदा आलेलं पाहून सर्व्हर ‘र२’सुद्धा रद्द करतो. चोराचं ॲक्सेस टोकन मात्र ९:१५ पर्यंत चालतंच! आणि तुम्ही ॲप उघडलंच नाही, तर चोरी कळतही नाही.

पण चोर नसतानाही, फोनने ‘र१’ पाठवल्यावर कळव्याजवळच्या पारसिक बोगद्यात रेंज गेली आणि ‘र२’ फोनपर्यंत पोचलंच नाही, तर? फोन पुन्हा ‘र१’ पाठवतो आणि बिचारा मालकच चोर ठरतो. म्हणून काही सर्व्हर जुन्या टोकनाला थोड्या सेकंदांची सवलत देतात.